तेजीत शेअर घरी कोण नेतं?

एखादा शेअर दिवसात ६ टक्के वर जातो, उलाढाल पाचपट होते आणि सगळे म्हणतात, खरेदी जोरात आहे. पण त्यातले किती शेअर संध्याकाळी कुणाच्या तरी डीमॅट खात्याकडे निघाले, ते डिलिव्हरीच्या आकड्यावरून कळतं.

समजा, सुनीताने आपल्याकडचे १०० शेअर सकाळी अजयला विकले. अजयने ते अकरा वाजता मीनाला विकले, मीनाने दुपारी दोनला रमेशला. रमेशने ते ठेवून घेतले. उलाढाल झाली ३०० शेअरची. अजय आणि मीना यांचा त्या शेअरमधला दिवसाचा हिशेब शून्यावर आला, त्यामुळे खात्यातून खात्यात गेले फक्त १००. म्हणजे डिलिव्हरी ३३ टक्के.

एनएसई हा आकडा दर संध्याकाळी `sec_bhavdata_full` या फाइलमध्ये फुकट देतं. `DELIV_QTY` म्हणजे डिलिव्हरीचे शेअर आणि `DELIV_PER` म्हणजे त्यांची टक्केवारी.

बहुतेक जण इथे टक्केवारीवरच अडकतात. मला हीच चूक सगळ्यात महागाची वाटते. एक कल्पित शेअर घ्या. एरवी त्याची रोजची उलाढाल २ लाख आणि डिलिव्हरी ६० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार शेअर. तेजीच्या दिवशी उलाढाल १० लाखांवर गेली आणि टक्केवारी ३० वर आली. नुसती टक्केवारी पाहणारा म्हणेल, हा सगळा इंट्राडेचा खेळ. पण १० लाखांचे ३० टक्के म्हणजे ३ लाख. घरी नेलेले शेअर अडीचपट झाले! गडबड पाहून दिवसाचे सौदे करणारेही धावून आले, म्हणून टक्का पडला, इतकंच. त्याच दिवशी टक्केवारी ११ असती, तर डिलिव्हरी १ लाख १० हजारच भरली असती, नेहमीपेक्षाही कमी. भाव वर, पण ठेवून घेणारे वाढलेले नाहीत. अशा तेजीपासून मी लांब राहीन. म्हणून `DELIV_QTY` ची तुलना त्याच शेअरच्या मागच्या वीसेक दिवसांच्या सरासरीशी करावी. दुसऱ्या कंपनीशी नको, कारण प्रत्येक शेअरची सवय वेगळी असते.

तरी डिलिव्हरी म्हणजे गुंतवणूकदारच, असं नाही. आज घेऊन उद्या विकणाराही यात मोजला जातो. रोखीत शेअर घेऊन फ्युचर्स विकणारे आर्बिट्राजवालेही येतात, आणि त्यांना कंपनीबद्दल काहीच मत नसतं. शिवाय प्रत्येक डिलिव्हरीला एक विकणारा असतोच. बडा भागधारक चढ्या भावात माल काढत असेल, तरी आकडा तितकाच फुगतो. पुढचे काही दिवस भाव टिकतो का, हे पाहिल्याशिवाय यातला फरक कळत नाही.

आणि `SERIES` च्या रकान्यात `BE` असेल, तर तो शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असतो. तिथे इंट्राडेला मुभाच नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची. तिथल्या डिलिव्हरीच्या टक्केवारीवरून काहीच ताडता येत नाही. टक्केवारी बघण्याआधी तिथे `EQ` आहे ना, तेवढं पाहून घ्यावं.