नफा किती ठेवला, त्यावर वाढ किती: एका सूत्रामागची पार्श्वभूमी

धंदा नफ्यात आहे, मागणी आहे, तरीही पैसा पुरत नाही. ही तक्रार जुनीच आहे, पण तिचा नेमका हिशोब बऱ्याच उशिरा मांडला गेला. वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हिगिन्स यांनी 1977 मध्ये ‘फायनान्शियल मॅनेजमेंट’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. नवे शेअर न विकता आणि कर्जाचे प्रमाण न वाढवता कंपनीची विक्री जास्तीत जास्त किती वेगाने वाढू शकते, हा त्याचा विषय होता. या वेगाला सस्टेनेबल ग्रोथ रेट म्हणतात. मराठीत त्याला कंपनीला पेलणारी वाढ म्हणता येईल.

त्याआधीच्या वीस वर्षांत या हिशोबाचे तुकडे वेगवेगळ्या लोकांच्या हाती होते. अर्थतज्ज्ञ जॉन लिंटनर यांनी 28 अमेरिकी कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून 1956 मध्ये दाखवून दिले, की लाभांश आधी ठरतो. एकदा वाढवलेला लाभांश कमी करायला कोणी धजत नाही, आणि उरेल तो नफा धंद्यात राहतो. मायरन गॉर्डन यांनी शेअरचे मोल ठरवताना वाढीचा दर म्हणजे राखलेल्या नफ्याचा हिस्सा गुणिले स्वतःच्या भांडवलावरचा परतावा, असे मांडले. पुढे 1961 मध्ये मिलर आणि मोदिग्लियानी यांनी लाभांश किती दिला याने कंपनीचे मोल बदलत नाही, असे सिद्ध केले. पण त्या सिद्धतेत बाजारातून हवे तेव्हा, योग्य भावाने आणि खर्चाशिवाय भांडवल मिळते असे गृहीत होते. बहुतेक कंपन्यांना ते तसे मिळत नाही, आणि हिगिन्स यांचे सूत्र नेमके या फटीत बसते:

```
g = p(1-d)(1+L) / (t - p(1-d)(1+L))
```

यात p म्हणजे विक्रीवरचा निव्वळ नफा, d म्हणजे नफ्यातला लाभांशाचा वाटा, L म्हणजे स्वनिधीच्या, म्हणजे मालकांच्या पैशाच्या, तुलनेत देणी आणि t म्हणजे एक रुपयाच्या विक्रीसाठी लागणारी मालमत्ता. सूत्र आकड्यांत घालून पाहिले की उलगडते. समजा, एका पंप कारखान्याची वर्षाची विक्री 10 कोटी आहे आणि तेवढ्या विक्रीला 6 कोटींची मालमत्ता लागते: यंत्रे, कच्चा माल, ग्राहकांकडची उधारी. त्यातले 3 कोटी मालकांचे आहेत (1 कोटी भागभांडवल, 2 कोटी राखीव निधी) आणि 3 कोटींची देणी आहेत. नफा विक्रीच्या 5 टक्के म्हणजे 50 लाख आहे. त्यातला 40 टक्के, म्हणजे 20 लाख, लाभांशात जातो.

हे आकडे सूत्रात घातले की दर येतो 11.1 टक्के. पडताळा सोपा आहे. पुढच्या वर्षी विक्री 11.11 कोटी झाली, तर नफा 55.5 लाख होतो आणि लाभांश देऊन 33.3 लाख उरतात. स्वनिधी 3.33 कोटी होतो, देणीही तेवढीच वाढवता येतात, आणि मिळून 6.67 कोटींची मालमत्ता उभी राहते. 11.11 कोटींच्या विक्रीला नेमकी एवढीच लागते. लाभांश अजिबात दिला नाही, तर हाच दर 20 टक्क्यांवर जातो. 70 टक्के नफा वाटला तर तो 5.3 टक्क्यांवर येतो.

आता मालकाने 25 टक्क्यांनी वाढायचे ठरवले, आणि लाभांश मात्र 40 टक्केच ठेवला, तर? स्वनिधी तेवढा वाढत नाही, म्हणून तूट देण्यांतून भरावी लागते. पहिल्या वर्षाअखेर दर एक रुपया स्वनिधीमागे 1.22 रुपये देणे होते, दुसऱ्या वर्षी 1.44, चौथ्या वर्षी 1.84, आणि यात वाढलेले व्याज धरलेलेही नाही. नफा-तोटा पत्रकात हे दिसत नाही. तिथे विक्री आणि नफा दोन्ही वाढलेले असतात. ते दिसते पुरवठादारांची बिले लांबू लागतात आणि बँकेच्या कॅश क्रेडिटची उचल महिनाभर मर्यादेला टेकलेली राहते तेव्हा. शिवाय लाभांश पूर्ण बंद केला तरी हा कारखाना 20 टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणून वसुली लवकर करणे किंवा साठा कमी ठेवणे हा उपाय मला कमी लेखला जाणारा वाटतो. t जर 0.6 वरून 0.5 झाला, तर लाभांशाला हात न लावता दर 13.6 टक्के होतो.

हे सूत्र सत्तरच्या दशकात पुढे आले, यात महागाईचा मोठा भाग आहे. 1974 मध्ये अमेरिकेत किमती सुमारे 11 टक्क्यांनी वाढल्या. आपल्या कारखान्याची पेलणारी वाढ 11.1 टक्के आहे. साठा, उधारी आणि यंत्रे सगळेच तेवढे महागले, तर ही सारी वाढ नव्या किमती भरण्यातच संपते आणि पंप एकही जास्त निघत नाही. प्रत्यक्षात जुनी यंत्रे वहीत जुन्याच किमतीला राहतात, म्हणून ओढ थोडी कमी बसते. पण खेळत्या भांडवलाला ती लगेच जाणवते.

त्याच वर्षी भारतात परिस्थिती याहून कठीण होती. 1974-75 मध्ये घाऊक किमती सुमारे 25 टक्के चढल्या. केंद्र सरकारने महागाई आवरण्यासाठी कंपन्यांच्या लाभांशावर तात्पुरता निर्बंध आणला: निव्वळ नफ्याचा एक तृतीयांश किंवा शेअरवर छापलेल्या दर्शनी मूल्याच्या 12 टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढाच लाभांश. हेतू लोकांच्या हातातला खर्चाचा पैसा कमी करण्याचा होता, पण परिणाम कंपन्यांच्या तिजोरीवर झाला. आपल्या कारखान्याला नफ्याचा तिसरा हिस्सा 16.67 लाख येतो आणि 1 कोटी भागभांडवलावर 12 टक्के म्हणजे 12 लाख. म्हणून 20 ऐवजी 12 लाखच वाटता येतात, आणि पेलणारी वाढ 11.1 वरून 14.5 टक्क्यांवर जाते. सक्तीने नफा राखूनही ती 25 टक्के महागाईच्या खूप खालीच राहते.

तूट बँकेकडून भरून काढायची, तर तिकडेही दार अरुंद होत होते. पंजाब नॅशनल बँकेचे अध्यक्ष प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 1975 मध्ये अहवाल दिला. खेळत्या भांडवलातून पुरवठादारांची उधारी वगैरे वजा करून जी तफावत उरते, तिचा किमान चौथा हिस्सा कंपनीने स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून भरावा, असे त्यात सुचवले होते. म्हणजे सूत्रातल्या L वर बाहेरून मर्यादा आली. नवे शेअर विकायचे, तर केंद्र सरकारच्या भांडवल-नियंत्रकाची परवानगी लागे आणि भावही त्याच्या हिशोबाने, सहसा बाजारभावापेक्षा बराच खाली ठरे. ते नियंत्रण 1992 मध्ये उठले. तोवर हिगिन्स यांचे ‘नवे शेअर नाहीत’ हे गृहीतक अमेरिकेपेक्षा भारतीय कंपन्यांना अधिक लागू होते, असे माझे मत आहे.

लाभांश दर्शनी मूल्याच्या टक्क्यांत सांगण्याच्या आपल्याकडच्या पद्धतीमुळे हे बरेचदा झाकले जाते. 20 टक्के लाभांश ऐकायला माफक वाटतो, पण या कारखान्यात तो नफ्याचा 40 टक्के हिस्सा आहे. 1975 च्या नियमांनी 10 टक्क्यांहून जास्त लाभांश देणाऱ्या कंपनीला नफ्याचा ठरावीक भाग, टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत, राखीव निधीत टाकणे सक्तीचे केले होते. 2013 च्या कंपनी कायद्याने ती सक्ती काढून निर्णय कंपनीवर सोपवला. सूचिबद्ध कंपनीला आता बाजारभावाने शेअर विकून ही मर्यादा ओलांडता येते. पण ज्या खासगी कारखान्याला नवा भागीदार नको आहे, त्याच्यासाठी वर्षाच्या सुरुवातीच्या स्वनिधीला राखलेल्या नफ्याने किती टक्के भर घातली, हा आकडा विक्रीवाढीशेजारी ठेवून पाहणे आजही तितकेच गरजेचे आहे.