वर येताना घाई का नको
मालवणला डायव्हिंगला निघालेल्या आमच्या सोलापूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बुकिंगच्या वेळी आम्हाला हमखास एक प्रश्न येतो: "शनिवारी दिवसभर डाइव्ह करू, रात्री गाडीत बसू, रविवारी सकाळी घरी. जमेल ना?" जमणार नाही. रविवारी सकाळी ७ च्या आत आम्ही मालवण सोडत नाही आणि शनिवारी ११ नंतर कुणाला पाण्यात उतरवत नाही. यात लॉजवाल्याचं कमिशन वगैरे काही नाही. कारण तुमच्या अंगात मुरलेल्या नायट्रोजनमध्ये आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हे पत्रक वाचावं लागेल. ज्यांना फक्त एकदा मासे बघून यायचं आहे त्यांनीही वाचावं. अशी पहिली डाइव्ह १२ मीटरच्या वरच ठेवली जाते, तरी नियम तेच आहेत.

खाली असताना अंगात काय होतं

समुद्रात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. १८ मीटरवर तो पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. तोंडात धरलेला रेग्युलेटर तुम्हाला नेमक्या त्याच दाबाची हवा देतो, नाहीतर छाती फुगलीच नसती. सिलिंडरमध्ये साधी हवाच असते, ऑक्सिजन नव्हे (हा गैरसमज अजून गेलेला नाही). तिच्यात जवळपास चार पंचमांश नायट्रोजन. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजन वापरला जात नाही. दाब वाढला की तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, मज्जारज्जू, सांधे यांत विरघळत राहतो. दुखत नाही, जाणवत नाही.

सगळे अवयव एका वेगाने भरत नाहीत. ज्यांना रक्त भरपूर मिळतं ते झटपट भरतात, चरबी आणि सांध्यांभोवतीचे भाग सावकाश. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली ब्रिटिश नौदलासाठी हे गणित बसवलं. त्याने शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून दाब वेगवेगळ्या रीतीने उतरवून पाहिला. दाब घाईने उतरवला की शेळी बाहेर आल्यावर पुढचा एक पाय उचलून धरायची, कारण सांधा ठणकत असायचा. आज डायव्हरच्या मनगटावर असणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरमधलं गणित बरंच सुधारलेलं असलं तरी त्याच वळणाचं आहे.

एक डाइव्ह घेऊन पाहू. १८ मीटर खोल, ४० मिनिटं. मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्त्यात या खोलीला साधारण ५५ मिनिटांची मर्यादा असते, म्हणजे आपण मर्यादेत आहोत. पाण्यात उतरण्याआधी अंगात नायट्रोजनचा दाब ०.७९ वातावरण होता. १८ मीटरवर श्वासातल्या नायट्रोजनचा दाब होतो २.२. झटपट भरणारा भाग, म्हणजे दर ५ मिनिटांनी उरलेला फरक निम्मा करणारा, ४० मिनिटांत २.२ पर्यंत पूर्ण भरतो. सावकाश भरणारा, ज्याला निम्म्यासाठी ४० मिनिटं लागतात, तो १.५ वर असतो. हे आकडे हिशेबातले आहेत, कुणाच्या अंगात मोजलेले नव्हेत. पण अंदाज बरोबर देतात.

आता समजा, कुणी घाबरून पाय मारत अर्ध्या मिनिटाच्या आत वर आला. बाहेरचा एकूण दाब झाला १, आणि झटपट भरलेल्या भागात एकट्या नायट्रोजनचा दाब अजून २.२ च्या आसपासच. झाकण उडवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखी ही स्थिती. उलट तोच डायव्हर मिनिटाला ९ मीटर या वेगाने आला, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबला आणि शेवटच्या ५ मीटरना पुरतं एक मिनिट दिलं, तर पृष्ठभागावर तोच आकडा १.७ च्या आसपास असतो. वर यायला लागलेली पाच-सहा मिनिटं फुकट जात नाहीत. तेवढ्यात नायट्रोजन रक्तातून फुप्फुसात आणि श्वासावाटे बाहेर पडत असतो, विरघळलेलाच, बुडबुडा न होता.

बुडबुडे झाले की

थोडे बुडबुडे बहुतेकांना होतात आणि पत्ताही लागत नाही. ते शिरांतून फुप्फुसापर्यंत येतात, तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हळूहळू विरतात. अडचण येते ती बुडबुडे फार झाले की, किंवा गाळणी चुकवून धमन्यांत शिरले की. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधली जन्माआधीची खिडकी पूर्ण मिटलेली नसते. एरवी तिचा काही त्रास नसतो, पण बुडबुड्यांना ती चोरवाट ठरू शकते.

बुडबुडा रक्ताची वाट अडवतो, मज्जातंतूवर दाब देतो, वाहिनीच्या आतल्या अस्तराला खरचटवतो, आणि मग रक्त गोठणं, सूज अशी साखळी सुरू होते. म्हणूनच बुडबुड्यांमुळे होणारा हा आजार, म्हणजे डिकम्प्रेशन सिकनेस, पाण्यात असताना क्वचितच कळतो. तो बोटीत, जेवताना, झोपायच्या वेळी उमटतो. बहुतेक लक्षणं पहिल्या काही तासांत दिसतात. एक दिवस उलटल्यावर नव्याने सुरू होणं दुर्मिळ.

आणि सुरुवात अगदी साधी असते. खांद्यात किंवा कोपरात खोलवर ठणका, दाबून पाहिलं तरी नेमकी जागा सापडत नाही. कातडीला खाज, पोटावर किंवा दंडावर संगमरवरासारखी निळसर जाळी. केलेल्या कामाच्या मानाने फारच थकवा. माणूस म्हणतो, "सिलिंडर उचलला ना, म्हणून दुखतंय." उचलल्यामुळेही दुखत असेल, पण ते ठरवणं तुमचं किंवा आमचं काम नाही. पायाला मुंग्या, चालताना झोक जाणं, गरगरणं, लघवीला न होणं, छातीत दुखून खोकला येणं ही गंभीर लक्षणं. त्यात एक तासही घालवायचा नाही.

फुप्फुसाची इजा ही वेगळी गोष्ट आहे. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसातली हवा फुगून ते फाटू शकतं, आणि त्याला १८ मीटर लागत नाहीत, तरणतलावातलं खोल टोकही पुरतं. सोलापुरातल्या पहिल्याच तासाला आमचे सर "श्वास चालू, श्वास चालू" असं बजावत राहतात ते यासाठी.

हाताने काय करायचं

सगळ्यात जास्त लक्ष शेवटच्या १० मीटरना द्यायचं. ४० वरून ३० मीटरवर आलात तर बीसीडीतली, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जाकिटातली, हवा सव्वापट होते. १० वरून पृष्ठभागावर आलात तर दुप्पट. म्हणजे वर जाल तसे आपोआप आणखी वेगाने वर ओढले जाल. त्यामुळे वर निघताना बीसीडीत हवा भरायची नाही. डावा हात उंच, बीसीडीत हवा भरायची-सोडायची इन्फ्लेटरची नळी डोक्याच्या वर, आणि थोडी थोडी हवा सोडत यायचं. वेग डाइव्ह कॉम्प्युटरवर दिसतो. तो कुरकुरायला लागला की थांबायचं.

५ मीटरवरचा सेफ्टी स्टॉप कागदावर सोपा वाटतो. पण तोवर सिलिंडरमधली दोनेक किलो हवा संपलेली असते आणि रिकामा होत आलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर तुम्हाला वर उचलू लागतो. उतरताना नेमकं वाटलेलं वजन इथे कमी पडतं. म्हणून पट्ट्यातली वजनं आम्ही सिलिंडरमध्ये ५० बार हवा उरली आहे असं धरून तपासतो. किनाऱ्यावर कुणी म्हणालं, "दोन किलो कमी करा, चालायला जड होतंय," तर आम्ही ऐकत नाही.

स्टॉप चुकला आणि थेट वर आलात, तर पुन्हा खाली जायचं नाही. बोटीत चढायचं, सांगायचं, शांत बसायचं. मर्यादेत राहिलेल्या डाइव्हमध्ये तो स्टॉप जादाची खबरदारी असतो. मात्र सावकाश येणं ऐच्छिक नाही.

आणि मग घाट

पाण्याबाहेर आल्यावर सावकाश भरलेले भाग तसेच भरलेले असतात. वरच्या हिशेबातला १.५ चा भाग बोटीत चढतानाही जेमतेम त्याच्या खाली आलेला असतो. त्याहून संथ भागांना रिकामं व्हायला कित्येक तास लागतात, आणि दिवसात दोन डाइव्ह केल्या की शिल्लक वाढते. विमानाआधी थांबायचा नियम त्यातूनच आला: मर्यादेतली एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, एकाहून अधिक असतील तर निदान १८. हा नियम समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात.

मुंबईच्या डायव्हरला रस्त्याने परतताना याचा विचार फारसा करावा लागत नाही. आपल्याला लागतो. सोलापूर स्वतः साडेचारशे मीटरच्या थोडं वर, पण वाटेत सह्याद्री आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी. विमानाच्या मानाने हे थोडं आहे हे खरं, पण गाडी तासा-दीड तासात वर पोचते आणि रात्रीच्या झोपेत खांदा दुखायला लागला तर कळायला उशीर होतो. म्हणून शनिवारी ११ ला शेवटची डाइव्ह आणि रविवारी ७ ला प्रस्थान, म्हणजे २० तास. मधल्या वेळात पाणी भरपूर प्या. दारू, व्यायाम आणि कढत पाण्याची अंघोळ त्या संध्याकाळी नको.

कुणाला लक्षण दिसलंच तर घाट चढायचा नाही. आपल्या गावचे, ओळखीचे डॉक्टर सोलापुरात आहेत हे त्या वेळी मनातून काढून टाका. माणसाला आडवं झोपवायचं, मास्कने १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा (संच आमच्या बोटीत असतो) आणि खालीच, कोकणातच, रुग्णालय गाठायचं. ऑक्सिजन श्वासातला नायट्रोजन हटवतो, त्यामुळे अंगातला वेगाने बाहेर निघतो. बरं वाटलं तरी तपासणी टाळायची नाही. खरा उपाय हायपरबॅरिक चेंबर. नेहमीच्या उपचारात रुग्णाला पुन्हा १८ मीटर खोलीइतक्या दाबात ऑक्सिजनवर ठेवून, पावणेपाच तासांच्या आसपास, टप्प्याटप्प्याने वर आणतात. वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहू नका. दुखणं दबतं आणि वेळ जातो.

घरी पोचल्यावर काही जाणवलं तर सोलापुरातल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की डायव्हिंग केलं होतं. दुखरा खांदा घेऊन आलेल्या माणसाला कुणी समुद्राबद्दल विचारत नाही. परतताना आम्ही प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी देतो. तिच्यावर प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, सेफ्टी स्टॉप झाला की नाही, आणि पाण्याबाहेर आल्याची वेळ लिहिलेली असते. ती दोन दिवस पाकिटात ठेवा.