गुंठ्यांची जमीन आणि मोबाइलची फेरी

“बांधावरून मोबाइल घेऊन एक फेरी मारली की जीपीएसचं ॲप बरोबर गुंठे सांगतं, चूक झालीच तर दोन-तीन मीटरची.”

असं बरेच जण म्हणतात. पण ती चूक लांबीतली आहे, क्षेत्रात ती परिघाच्या हिशेबाने पसरते. 5 गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घ्या: सुमारे 506 चौ.मी., बाजू साडेबावीस मीटर. झुडपांमुळे तुम्ही सगळीकडे बांधापासून फक्त 1 मीटर आतून चाललात, तर 86 चौ.मी. गळतात, म्हणजे 17 टक्के. एकराच्या चौकोनात हीच चूक जेमतेम 6 टक्के पडते.

उलट, अख्खी फेरीच 3 मीटर पूर्वेला सरकली तर क्षेत्र बदलत नाही. म्हणून स्क्रीनवरचा अचूकतेचा आकडा क्षेत्राबद्दल फारसं सांगत नाही.

परिघाचं दुखणं वेगळं आहे. रेषेच्या नागमोडीने क्षेत्रात थोडं इकडे वाढतं, थोडं तिकडे कमी होतं. लांबी मात्र वाढतच जाते. कोपऱ्यावर थांबलात की तिथे ॲपने नोंदवलेल्या बिंदूंचा गुंता होतो आणि तोही लांबीत धरला जातो. कुंपणाची तार त्या आकड्यावर आणू नका.

फेरी दोन्ही दिशांनी, वेगवेगळ्या वेळी मारा. लागोपाठच्या फेऱ्यांत चूक सारखीच राहते, त्यामुळे आकडे जुळले तरी भरवसा नको. दहा गुंठ्यांच्या आत मी टेपच सुचवेन: चार बाजू आणि एक कर्ण मोजा, दोन त्रिकोणांचं क्षेत्र काढून बेरीज करा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागते.