एका कवचात दोन बलक: कारण आणि स्वयंपाकातील माप

दोन बलकांच्या अंड्याकडे लोक शकुन किंवा अपशकुन म्हणून पाहत असले, तरी त्याची नोंद फार जुनी आहे. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यांनी प्राण्यांविषयीच्या लेखनात अशा अंड्यांचे वर्णन केले आहे. ती कशी तयार होतात याचा पद्धतशीर अभ्यास मात्र विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील मेन राज्यात मेनी कर्टिस यांनी 1914 मध्ये दोन व तीन बलकांच्या अंड्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

कोंबडीच्या अंडाशयात बलक एकापाठोपाठ एक वाढतात आणि साधारणपणे चोवीस ते सव्वीस तासांच्या अंतराने एकेक सुटतो. अंडनलिकेत त्याच्याभोवती पांढरा भाग जमतो, मग पातळ पापुद्रे येतात आणि शेवटचे सुमारे वीस तास कवच तयार होण्यात जातात. दोन बलक थोड्याच अंतराने सुटले, तर ते नलिकेतून बरोबर सरकतात आणि एकाच कवचात बंद होतात. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांमध्ये हे जास्त आढळते, कारण त्यांच्या संप्रेरकांची लय अजून बसलेली नसते. मांसल जातीच्या पैदाशीच्या माद्यांना भरपूर खाऊ घातले, तर एकाच वेळी अनेक बलक पिकतात आणि अशी अंडी वाढतात. म्हणूनच त्यांचा आहार मोजून दिला जातो. अंडी वजनानुसार वेगळी करताना ही मोठी अंडी बाजूला पडतात, त्यामुळे दुकानातील ट्रेमध्ये ती क्वचित दिसतात. ताजे अंडे स्वच्छ असेल, तर खायला काहीच हरकत नाही.

स्वयंपाकात प्रश्न येतो तो प्रमाणाचा. नेहमीच्या अंड्यात कवच वगळून सुमारे 50 ग्रॅम ऐवज असतो. त्यात 33 ग्रॅम पांढरा भाग आणि 17 ग्रॅम बलक. दोन बलकांच्या एखाद्या अंड्यात 38 ग्रॅम पांढरा आणि 27 ग्रॅम बलक निघाला असे धरू, कारण त्यातले बलक बहुधा लहान असतात. चार अंड्यांच्या कॅरॅमल कस्टर्डसाठी अशी तीन अंडी घेतली, तर वजन 195 ग्रॅम म्हणजे जवळपास बरोबर येते, पण बलक 68 ऐवजी 81 ग्रॅम होतो आणि पांढरा 132 ऐवजी 114. कस्टर्ड अधिक मऊ व दाट चवीचे होते, मात्र साच्यातून काढल्यावर ताठ उभे राहण्याचा गुण थोडा घटतो, कारण तो मुख्यत्वे पांढऱ्या भागातून येतो. माझ्या मते इथे बदल करण्याची गरज नाही.

फेटलेल्या पांढऱ्या भागावर फुगणाऱ्या केकमध्ये मात्र वजनकाटा वापरावा आणि पांढरा वेगळा मोजून कमी पडेल तेवढा दुसऱ्या अंड्यातून भरावा. वेगळे करताना एक बलक फुटला, तर त्याची स्निग्धता पांढऱ्यात मिसळून फेस चढत नाही, म्हणून प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडावे. गोव्याच्या बेबिंकासारख्या पदार्थात कृती बलकांच्या संख्येने सांगितलेली असते. तिथे या लहान बलकांची जोडी दोन न धरता 17 ग्रॅमला एक बलक असा हिशोब करावा.