भूस्थिर उपग्रहाचा पिंग 477 मिलिसेकंदांच्या खाली का येत नाही

सॅटेलाइट इंटरनेट घेतलंय, स्पीड टेस्टला 50 एमबीपीएस दिसतंय, आणि तरी साधं वेबपेज उघडायला पाच-सहा सेकंद लागतायत, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. मग राऊटर बदलून बघतात, डिश हलवून बघतात, कस्टमर केअरशी भांडतात. पण उपग्रह भूस्थिर असेल तर यातल्या कशानेही फारसा फरक पडत नाही, कारण अडचण वायरिंगमध्ये नसून उंचीत आहे, आणि ती उंची कुणा इंजिनिअरने आवडीने निवडलेली नाही.

उपग्रह जितका वर तितकी त्याची एक फेरी मोठी, आणि वेगही तितका कमी. आता डिश एकाच दिशेला फिक्स ठेवायची असेल तर उपग्रह आकाशात एका जागी थांबलेला दिसला पाहिजे, म्हणजे त्याची फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतकीच, 23 तास 56 मिनिटांची हवी. हे जमणारं अंतर एकच आहे, विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटर. थोडा खाली आणला की तो पुढे सरकायला लागतो, थोडा वर नेला की मागे पडतो. विज्ञानकथा लेखक आर्थर क्लार्कने 1945 मध्ये याच कक्षेत तीन रिले स्टेशन ठेवून जगभर संपर्क साधता येईल असं मांडलं होतं आणि 1964 मध्ये सिनकॉम-3 हा उपग्रह खरोखर तिथे जाऊन बसला. एक उपग्रह पृथ्वीचा साधारण एक तृतीयांश भाग बघतो, हलत नाही, डिशला मोटर लागत नाही. टीव्हीसाठी याहून सोयीचं काही नाही. टीव्हीवरचा कार्यक्रम पाव सेकंद उशिरा आला तर कुणाला कळतंय?

इंटरनेटचं गणित वेगळं, कारण तिथे बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. तुमची रिक्वेस्ट डिशमधून वर जाते, उपग्रहाकडून खाली गेटवे स्टेशनला येते, तिथून केबलने सर्व्हरपर्यंत, आणि उत्तर परत त्याच वाटेने. म्हणजे एका पिंगमध्ये, जाऊन-येऊन एका फेरीत, ती उंची चार वेळा कापायची. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, सेकंदाला जवळपास 3 लाख किलोमीटर, तेव्हा 35,786 ला एका खेपेला 119 मिलिसेकंद लागतात आणि चार खेपांचे झाले 477. हेही उपग्रह दोन्ही टोकांच्या बरोबर डोक्यावर असेल तरच. तो क्षितिजापासून 40 अंशांवर दिसत असेल तर तिरकं अंतर 37,800 किलोमीटरच्या आसपास जातं आणि चार खेपा मिळून 500 च्या थोडं वर. त्यात मोडेमचं प्रोसेसिंग, आपला नंबर लागेपर्यंतची वाट, जमिनीवरची केबल हे सगळं धरलं की प्रत्यक्षात 600 च्या घरात आकडा येतो. प्रोसेसिंग सुधारता येईल, केबल कमी करता येईल, पण त्या 477 ला हात लावता येत नाही.

आता 600 मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त, तेवढ्यानं काय बिघडतं असं वाटेल. बिघडतं, कारण वेबपेज एका फेरीत येत नाही. समजा पेजवर 2 एमबीची एक फाइल आहे. आधी साइटचा पत्ता विचारायला एक फेरी, मग सर्व्हरशी टीसीपी, म्हणजे डेटा पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचं, कनेक्शन जोडायला एक, मग एन्क्रिप्शनची बोलणी करायला एक (जुनी पद्धत असेल तर दोन), आणि मग कुठे "फाइल दे" म्हणायला चौथी. पहिला बाइट हातात पडेपर्यंत 2.4 सेकंद गेले.

खरी गंमत याच्यानंतर आहे. टीसीपीला लाइन किती मोठी आहे हे सुरुवातीला माहीत नसतं म्हणून तो जपून चालतो, आधी 14-15 केबी पाठवतो, पोच आली की पुढच्या फेरीला दुप्पट, मग परत दुप्पट. 2 एमबी पूर्ण व्हायला अशा आठ फेऱ्या लागतात, त्यातली पहिली वरच्या हिशोबात आलीच, उरलेल्या सातांचे 4.2 सेकंद. एकूण 6.6. लाइन 50 एमबीपीएसची, पण सरासरी पडली अडीच एमबीपीएसपेक्षा कमी, कारण टीसीपीने वेग पकडायच्या आत फाइलच संपली! स्पीड टेस्ट एकदम बरीच कनेक्शन उघडून कितीतरी सेकंद डेटा ओढत राहते, त्यामुळे तिथे आकडा छान दिसतो, आणि तो खोटाही नसतो, फक्त पेज उघडताना तो आपल्या वाट्याला येत नाही.

यावर भूस्थिरवाल्यांनी एक जुगाड केलेला आहे आणि तो बऱ्यापैकी चालतो. मोडेममध्येच एक प्रॉक्सी बसवतात, तो सर्व्हरच्या वतीने इथेच पोच देऊन टाकतो आणि उपग्रहावरून स्वतःच्या पद्धतीने डेटा पळवतो. पण व्हीपीएन लावलं की प्रॉक्सीला आतलं काही दिसत नाही आणि जुगाड तिथेच संपतो. ऑफिसचं व्हीपीएन चालू केल्यावर नेट अचानक मंदावण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आणि व्हिडिओ कॉलला तर प्रॉक्सीही कामाचा नाही, समोरच्याच्या वतीने बोलणार कोण?

खालच्या कक्षेत, समजा 550 किलोमीटरवर, चार खेपांचे मिळून जेमतेम 7 मिलिसेकंद होतात. उपग्रह डोक्यावरून सरकत 25 अंशांपर्यंत खाली गेला तरी तिरकं अंतर 1,120 किलोमीटर, म्हणजे चार खेपांचे 15. प्रत्यक्षात पिंग 25 ते 50 दिसतो, म्हणजे इथे उंचीपेक्षा बाकीच्या गोष्टीच जास्त वेळ खातात. 40 धरला तर वरचीच फाइल अर्ध्या-पाऊण सेकंदात येते, तीही त्याच 50 एमबीपीएसवर.

पण याची किंमत मोजावी लागते. 550 वरचा उपग्रह सेकंदाला 7.6 किलोमीटरने पळतो, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो आणि तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच टिकतो. म्हणून एक-दोन नाही, शेकड्या-हजारांनी उपग्रह सोडावे लागतात, डिशला सतत एकाकडून दुसऱ्याकडे वळावं लागतं. तिथे विरळ का होईना पण हवा असते, ती ओढून खाली आणते, त्यामुळे अधूनमधून इंजिन मारावं लागतं आणि काही वर्षांत उपग्रह बदलावेच लागतात.

आपली लिंक कुठली हे बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये एवढंच टाकायचं, विंडोजवर असाल तर ping -t 1.1.1.1, आणि दोन-तीन मिनिटं चालू द्यायचं:

```
ping 1.1.1.1
```

भूस्थिरचा आकडा 600 च्या आसपास, आणि कितीही वेळ बघा, 477 च्या खाली उतरणार नाही. तो 60 दिसला तर विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो, तो डेटा भूस्थिर उपग्रहावरून येत नाहीये. खालच्या कक्षेत आकडा लहान असतो पण एका जागी ठरत नाही, थोडा वेळ 28 च्या आसपास, मग एकदम 41, मग परत खाली. स्टारलिंकवर हे टप्पे दर 15 सेकंदांनी पडताना दिसतात, कारण कुठल्या डिशने कुठला उपग्रह धरायचा याची वाटणी तेवढ्या वेळाने नव्याने होते, आणि त्या बदलाच्या क्षणी एखाद-दुसरं पॅकेट हरवलं तर कॉलमध्ये एखादा शब्द तुटतो.