प्रतिकृती-पूल : साहित्याची निवड

शालेय विज्ञानप्रकल्पातील पुलाच्या प्रतिकृतीसाठी पुठ्ठा, बाल्सा लाकूड, आइस्क्रीमच्या काड्या आणि माती हे पदार्थ वापरले जातात. यांपैकी सर्वांत मजबूत कोणता, असे विद्यार्थी विचारतात. मात्र भार पडल्यावर पुलाचा कोणता भाग ताणला जातो आणि कोणता दाबला जातो, हे आधी ठरवावे लागते.

त्रिकोणांत जोडलेल्या पट्ट्यांच्या कैचीच्या पुलावर मधोमध वजन ठेवले, की खालच्या पट्ट्यांवर ताण आणि वरच्या पट्ट्यांवर दाब येतो. दाबाखालील सडपातळ काडी चिरडण्यापूर्वीच बाजूला वाकते. गणितज्ञ ऑयलर यांनी १७४४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार काडी वाकवणारा भार तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, तर जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात असतो. सुमारे १० मिमी रुंद आणि २ मिमी जाड आइस्क्रीमची काडी सांध्यांमध्ये १० सेंमी मोकळी असेल, तर गणिताने ती साधारण साडेसहा किलोच्या भाराला वाकते. मध्यभागी आडवा आधार देऊन ती दोन्ही बाजूंना सरकणार नाही असे केले, तर ही मर्यादा चौपट होते. दोन काड्या पाठीला पाठ लावून सर्वत्र नीट चिकटवल्या, तर ती आठपट होते. गोंद फक्त टोकांना लावल्यास मात्र हा लाभ मिळत नाही.

बाल्साचे महत्त्व याच सूत्रातून कळते. हा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वृक्ष आहे. त्याचे लाकूड आइस्क्रीमच्या काड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बर्च लाकडाच्या सुमारे चौथाई घनतेचे असते. त्यामुळे तेवढ्याच वजनात चौपट जाड पट्टी मिळते, आणि लाकडाचा ताठपणा कमी असूनही वाकण्यास होणारा विरोध गणिताने पंधरापटींहून अधिक भरतो. प्रत्यक्षात सांधा किंवा लाकूड त्याआधीच दबते, म्हणून एवढा लाभ पदरात पडत नाही. ताणाच्या पट्टीत जाडीचा हा फायदा नसतो. तेथे काडी पुरेशी आहे.

पन्हळी पुठ्ठ्यात पन्हळी पुलाच्या लांबीच्या दिशेने ठेवाव्यात. आडव्या ठेवल्यास तो घडीसारखा मुडपतो. दमट हवेत त्याचा ताठपणा घटतो, म्हणून पावसाळी दिवसांत चाचणीचा निष्कर्ष काढताना हे लक्षात घ्यावे.

शाडूची माती ताण जवळजवळ सोसत नाही. तिचा सपाट पूल मध्यभागी खालून तडकतो. ती कमानीसाठी घ्यावी. मात्र कमानीची टोके बाहेर सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना विटा घट्ट टेकवाव्यात, आणि वाळताना माती आक्रसते म्हणून साचा वेळीच काढावा.

तुटलेल्या प्रतिकृतीत काडी अखंड राहून गोंदाचा थर सुटला असेल, तर दोष साहित्याचा नसून जोडाचा होय. पांढरा गोंद पूर्ण ताकदीचा होण्यास सुमारे एक दिवस लागतो.