सेव्ह झालं, पण टिकलं नाही: ‘शेवटचा जिंकतो’ या नियमात काय हरवतं

एका सेवेचे दोन डेटाबेस आहेत, एक व्हर्जिनियात आणि एक फ्रँकफर्टमध्ये. दोन्हीकडे वाचता येतं आणि दोन्हीकडे लिहिताही येतं. एकीकडे लिहिलेलं थोड्या वेळानं दुसरीकडे पोचतं. याला ‘ॲक्टिव्ह-ॲक्टिव्ह’ म्हणतात. इतका खटाटोप करायचा तो अंतरामुळे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे या दोन ठिकाणांमध्ये निरोप जाऊन उत्तर यायला साधारण ९० मिलिसेकंद लागतात. दर वेळी लिहिताना दुसऱ्या टोकाची परवानगी घ्यायची तर तेवढं थांबणं आलंच, आणि मधली लाइन तुटली तर लिहिणंच बंद. म्हणून परवानगी न घेता जवळच्या प्रतीत लिहून टाकायचं आणि मतभेद झालाच तर तो नंतर मिटवायचा, असा हा सौदा आहे.

मतभेद मिटवायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे ‘लास्ट रायटर विन्स’. प्रत्येक लिखाणावर वेळेचा शिक्का मारायचा आणि दोन लिखाणं भिडली की मोठा शिक्का असलेलं ठेवून दुसरं टाकून द्यायचं. कॅसँड्रा हा डेटाबेस हेच करतो, ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमधल्या ग्लोबल टेबल्सची नेहमीची रीतही हीच. नियम ऐकायला इतका रास्त वाटतो की त्यातल्या ‘शेवटचा’ या शब्दाकडे कुणी थांबून बघत नाही. डेटाबेसला शेवटचं कोण हे मुळात कळत नाही. त्याला फक्त दोन आकडे दिसतात, आणि ते आकडे दोन वेगळ्या यंत्रांच्या घड्याळांतून आलेले असतात.

कॅसँड्राचंच उदाहरण घेऊ. समजा व्हर्जिनियातल्या ॲप सर्व्हरचं घड्याळ तीन सेकंद पुढे आहे. एका बाईंनी बरोबर १०:००:०० वाजता आपला फोन नंबर बदलला. विनंती व्हर्जिनियात गेली आणि शिक्का पडला १०:००:०३. क्षणार्धात ते लिखाण फ्रँकफर्टलाही पोचलं. बाईंच्या लक्षात आलं की शेवटचा आकडा चुकलाय. दोन सेकंदांनी त्यांनी तो दुरुस्त केला, पण या वेळी विनंती फ्रँकफर्टला वळली. तिथलं घड्याळ बरोबर होतं, म्हणून शिक्का पडला १०:००:०२. डेटाबेसनं लिखाण स्वीकारलं, ‘झालं’ म्हणून कळवलं, आणि वाचताना मात्र चुकीचाच नंबर परत दिला, कारण त्याच्या लेखी तोच नंतरचा. कुठे एरर आली नाही, लॉगमध्येही काही सापडायचं नाही. बाई म्हणणार, “मी तर बदलला होता,” आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं असणार.

आता ही खोड पकडायला इतकी अवघड का, ते बघा. त्याच बाईंनी दोनऐवजी पाच सेकंदांनी दुरुस्ती केली असती, तर शिक्का १०:००:०५ पडला असता आणि सगळं सुरळीत झालं असतं. घड्याळांत जेवढा फरक, तेवढीच धोक्याची खिडकी. तपासणी करणारा माणूस सावकाश टाइप करतो, म्हणून त्याला ती सापडत नाही. एका प्रोग्रामनं लिहिलेलं दुसरा प्रोग्राम लगेच बदलत असेल, तर मात्र वीस मिलिसेकंदांचा फरकही पुरतो. घड्याळं एनटीपीनं जुळवलेली असली तरी इंटरनेटवरून जुळवताना काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतातच.

शिक्क्याच्या एककाचा घोळ तर याहून वाईट. कॅसँड्रात तो मायक्रोसेकंदांत मोजतात. आमच्याकडे एका जुन्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी तो नॅनोसेकंदांत दिला होता. हजारपट मोठा आकडा! त्या नोंदींवर नंतर केलेला कुठलाही बदल टिकेना आणि डिलीट केलं तरी त्या जाईनात, कारण डिलीट हेही शिक्का असलेलं एक लिखाणच असतं. शेवटी एका प्रश्नानं उलगडा झाला:

```sql
SELECT phone, WRITETIME(phone) FROM users WHERE id = 42;
```

उत्तरातला शिक्का आत्ताच्या वेळेपेक्षा मोठा असेल, तर कुठलं तरी घड्याळ किंवा कुठला तरी हिशेब चुकलाय हे नक्की. प्रत्येक सर्व्हरवर `chronyc tracking` चालवून घड्याळाचा फरक बघत राहणं आणि तो ठरावीक मर्यादेबाहेर गेला की गजर वाजवणं, एवढं तरी करावंच.

पण घड्याळं अगदी अचूक केली तरी दुखणं अर्धंच बरं होतं. दोघांनी एकमेकांचं न बघता एकाच क्षणाच्या आसपास लिहिलं, तर दोघंही बरोबर असू शकतात. एकानं पत्ता बदलला, दुसऱ्यानं ईमेल. कॅसँड्रा प्रत्येक रकान्याला वेगळा शिक्का मारतो, म्हणून तिथे दोन्ही बदल टिकतात. पण तीच माहिती एका रकान्यात जेसन म्हणून कोंबली असेल, तर एक बदल मुकाट्यानं जातो.

यावर खरा उपाय म्हणजे ‘केव्हा लिहिलं’ याऐवजी ‘काय बघून लिहिलं’ हे विचारणं. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारातून ही वाट निघाली. प्रत्येक नोंदीसोबत दोन मोजण्या ठेवा: व्हर्जिनियानं किती बदल केले आणि फ्रँकफर्टनं किती. बाईंचं पहिलं लिखाण झालं (१, ०). ते बघून फ्रँकफर्टमध्ये केलेली दुरुस्ती (१, १). दुसरी जोडी पहिलीला पोटात घेते, म्हणजे ती नंतरचीच, मग घड्याळ काहीही म्हणो. न बघता लिहिलं असतं तर जोडी (०, १) झाली असती. (१, ०) आणि (०, १) यांपैकी कुठलीच दुसरीला पोटात घेत नाही, म्हणजे हा खरा संघर्ष. अशा वेळी दोन्ही प्रती जपून ठेवायच्या आणि निवाडा ॲपवर सोपवायचा.

तो निवाडा सोपा नसतो. ॲमेझॉनच्या डायनॅमो या डेटाबेसवरच्या २००७ च्या निबंधात खरेदीच्या टोपलीचं उदाहरण आहे. दोन टोपल्या भिडल्या की त्यांची बेरीज करायची. टाकलेली वस्तू कधी हरवत नाही, पण काढून टाकलेली कधीकधी परत उगवते. पुढे सीआरडीटी नावाच्या रचना आल्या, ज्यांत एकत्र करायचा नियम माहितीच्या आकारातच बसवलेला असतो. मोजणी हवी असेल तर प्रत्येक प्रदेश फक्त आपला आकडा वाढवतो आणि वाचताना बेरीज होते. दोघांनी एकाच वेळी १० वरून ११ लिहिलं आणि एक भर हरवली, असं तिथे होत नाही.

मात्र ‘शिल्लक शून्याखाली जाऊ नये’ किंवा ‘एक नाव एकालाच मिळावं’ असल्या अटी कुठल्याही विलिनीकरणानं पाळल्या जात नाहीत. शेवटची जागा दोन्हीकडे विकून झाली की नंतर एकत्र करून ती एकाची होत नाही. अशा नोंदींना मी सरळ एक घर ठरवून देतो: ही नोंद व्हर्जिनियाची, फ्रँकफर्टहून आलेलं लिखाणही तिथेच जाईल आणि ९० मिलिसेकंद थांबेल. व्हर्जिनिया बंद पडलं आणि घर हलवावं लागलं, तर तिथून निघालेली पण पोचायची राहिलेली लिखाणं मागे अडकतात. व्हर्जिनिया परत सुरू झालं की ती आपापले जुने शिक्के घेऊन दारात येतात, आणि त्यांना आत घ्यायचं की माणसानं आधी बघायचं, हे घर हलवण्यापूर्वीच लिहून ठेवलेलं असावं लागतं.